वारंवार विचारले जाणारे प्रश्न: +८०० वाला टोल-फ्री नंबर कुठल्या देशाचा, आणि तो चालवतं कोण?

टोल-फ्री नंबरांचं रूटिंग हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीतले, ओळखीतल्यांच्या ओळखीतले असे बरेच जण स्क्रीनशॉट पाठवून विचारतात: हा नंबर कुठला? वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, मी फक्त शुद्धलेखन सुधारलं आहे. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. +८०० हा कुठल्या देशाचा कोड आहे? देशांच्या यादीत सापडतच नाही.

सापडणार नाही, कारण तो देशाचा नाहीच. +९१ भारताला, +४९ जर्मनीला, तसा +८०० एका सेवेला दिलेला आहे. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, जगातले सगळे कोड वाटते. त्यातले काही कोड तिने भूगोलाबाहेर ठेवले आहेत, उदाहरणार्थ सॅटेलाइट फोनचा +८८१. +८०० त्याच जातीचा. त्याच्यापुढे नेमके आठ अंक येतात, म्हणजे देशाचा कोड धरून एकूण अकरा. या अकरा अंकी नंबराला यूआयएफएन म्हणतात: सगळ्या जगात एकच राहील असा फुकट लागणारा नंबर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे नंबर वाटायला सुरुवात झाली.

अकरा हा आकडा लक्षात ठेवा. पुढे निम्म्या भानगडी त्यावरच सुटणार आहेत.

२. आपल्याकडचा १८०० आणि हा +८०० एकच ना? दोन्ही फुकटच आहेत.

नाही. १८०० हा भारताच्या क्रमांक योजनेतला, भारतातल्या भारतात चालणारा नंबर आहे. ब्रिटनमध्ये ०८००, जर्मनीत ०८०० असे प्रत्येक देशाचे घरचे टोल-फ्री नंबर असतात आणि ते त्या देशाच्या नियामकाच्या अखत्यारीत येतात. एखाद्या कंपनीचे ग्राहक तीस देशांत असतील, तर या पद्धतीने तिला तीस नंबर घ्यावे लागतील आणि तीसही वेष्टनावर छापावे लागतील. यूआयएफएन निघाला तो हे टाळायला: नंबर एकच, आधी फक्त आपापल्या देशातून परदेशी फोन लावायचा प्रीफिक्स लावायचा. भारतातून आणि युरोपातून तो ००, अमेरिकेतून ०११, जपानमधून ०१०, ऑस्ट्रेलियातून ००११. मोबाइलवर सरळ +.

अमेरिकेचा १-८०० ही तिसरीच गोष्ट, तिच्यासाठी प्रश्न ९ पाहा. आणि भारतातून लावायचा ००० ८०० ही चौथी, तिच्यासाठी प्रश्न ६.

३. पण शेवटी फोन कुठेतरी वाजतोच ना? मग जिथे वाजतो तोच त्याचा देश.

हा प्रश्न मला आवडतो, कारण वरवर पाहता त्यात चूक नाही. फोन कुठेतरी वाजतो. पण तो दरवेळी त्याच ठिकाणी वाजेल असं नाही.

फोन जातो कसा ते बघा. समजा तुम्ही म्युनिकमधून ०० ८०० आणि पुढचे आठ अंक फिरवले. तुमच्या जर्मन ऑपरेटरच्या स्विचला ०० दिसल्यावर फोन परदेशी आहे एवढं कळतं. पुढे ८०० दिसतं. इथे ४४ किंवा ९१ असतं तर त्या देशाच्या दिशेला फोन ढकलून तो मोकळा झाला असता. ८०० ला दिशाच नसते. म्हणून स्विच थांबतो आणि आठही अंक घेऊन एका टेबलमध्ये बघतो. तिथे लिहिलेलं असतं: हा नंबर अमुक परदेशी ऑपरेटरचा, त्याच्याकडे या रूटिंग नंबरवर सोपवा. तो रूटिंग नंबर कॉल करणाऱ्याला कधीच दिसत नाही. बऱ्याचदा तो एखाद्या शहरातला साधा लँडलाइन नंबर असतो.

हे टेबल प्रत्येक देशातल्या प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं असतं. त्यामुळे तोच +८०० नंबर जर्मनीतून फिरवला तर बर्लिनच्या कॉल सेंटरला, जपानमधून फिरवला तर टोकियोच्या आणि रात्री अकरानंतर कुठूनही फिरवला तर मनिलाच्या, अशी सोय करता येते आणि कंपन्या ती करतात. उद्या कॉल सेंटर हलवलं तर फक्त टेबलातली नोंद बदलते, वेष्टनावरचा नंबर तोच राहतो. आणि ज्या देशातल्या ऑपरेटरच्या टेबलात नोंदच नाही, तिथून तो नंबर लागतच नाही. त्या देशापुरता तो अस्तित्वात नसतो म्हटलं तरी चालेल.

आता सांगा, याचा देश कुठला? जिनिव्हा म्हणाल, तर तिथे फक्त वही आहे, फोन तिथून जात नाही.

४. मोबाइल नंबराच्या पहिल्या चार-पाच अंकांवरून कंपनी कळते. तसं +८०० चं का कळत नाही?

मोबाइल नंबर कंपन्यांना गठ्ठ्याने दिलेले असतात. अमुक चार-पाच अंकांनी सुरू होणारे सगळे नंबर मुळात अमुक कंपनीला, अमुक सर्कलमध्ये. पोर्टेबिलिटी आल्यापासून तेही पक्कं राहिलेलं नाही, पण मूळ मालक तरी कळतो.

+८०० मध्ये गठ्ठेच नाहीत. आठ अंकांचे नंबर एकेक करून दिले जातात, ज्याने आधी मागितला त्याला. मागताना हवा तो आकडा मागता येतो. म्हणून लागोपाठचे दोन नंबर सर्वस्वी वेगळ्या खंडांतल्या, वेगळ्या ऑपरेटरांच्या हाती असू शकतात. सुरुवातीच्या अंकांना काही अर्थच नाही. काही कंपन्यांनी आपला जुना देशी टोल-फ्री नंबर आत बसेल असे आकडे मुद्दाम मागून घेतले, त्यामुळे कधीकधी अंक ओळखीचे वाटतात. पण तो त्या कंपनीचा हट्ट, योजनेचा नियम नव्हे.

शिवाय ग्राहक कंपनीला नंबर तोच ठेवून ऑपरेटर बदलता येतो. गेल्या वर्षीचं उत्तर या वर्षी चुकीचं असू शकतं.

५. ठीक आहे. मग एखादा +८०० नंबर कोण चालवतं हे शोधायचं कसं? पायरीपायरीने सांगा.

आधी ‘कोण चालवतं’ म्हणजे काय ते ठरवा, कारण त्यात तीन माणसं आहेत. एक, ज्याच्यासाठी फोन वाजतो तो ग्राहक: बँक, विमान कंपनी, सरकारी खातं. दोन, ज्याने आयटीयूकडे अर्ज करून तो नंबर घेतला तो दूरसंचार ऑपरेटर. ग्राहकाला थेट अर्ज करता येत नाही, तो ऑपरेटरमार्फतच करावा लागतो. तीन, तुमच्या देशातला तो ऑपरेटर, जो फोन उचलून पुढे सोपवतो. लोकांना बहुतेक वेळा पहिला हवा असतो आणि ते शोधत बसतात दुसऱ्याला.

खराखुरा नंबर घेऊ: ०० ८०० ६ ७ ८ ९ १० ११.

पहिली पायरी, अंक मोजा. ०० बाजूला काढलं की उरतं ८०० आणि ६७८९१०११, म्हणजे तीन अधिक आठ, अकरा. रचना यूआयएफएनची आहे. दहा किंवा बारा आले असते तर इथेच थांबून प्रश्न ७ कडे गेलो असतो.

दुसरी पायरी, नंबर अवतरणचिन्हात घालून शोधा, आणि एकाच रूपात शोधून थांबू नका. हाच नंबर कुणी ०० ८०० ६ ७ ८ ९ १० ११ असा सुटा लिहितं, कुणी ००८०००६७... अशी गडबड करतं, कुणी + लावून सलग लिहितं. सलग, सुटा, + सह आणि ०० सह, चारही रूपं टाकून बघा. हा नंबर europa.eu या युरोपीय संघाच्या अधिकृत पत्त्यावर सापडतो: ‘युरोप डायरेक्ट’ या माहिती केंद्राचा तो नंबर आहे. पहिला माणूस सापडला. इथे महत्त्वाचं एवढंच की नंबर ज्याचा म्हणतात त्याच्याच साइटवर तो छापलेला दिसला. कुठल्या तरी ‘कस्टमर केअर नंबर’ गोळा करणाऱ्या साइटवर दिसला असता तर मी तो धरला नसता.

तिसरी पायरी, त्याच पानावर शेजारी काय आहे ते बघा. युरोप डायरेक्ट एक साधा नंबरही देतं: +३२ २ २९९ ९६ ९६, आणि त्याला नेहमीचे दर लागतात. +३२ बेल्जियम, पुढचा २ ब्रुसेल्स. +८०० नंबर देणाऱ्या बहुतेक संस्था असा पर्यायी नंबर देतात, कारण जिथून +८०० लागत नाही तिथल्या लोकांचीही सोय लावावी लागते. या जोडनंबरातून जेवढं कळतं तेवढं +८०० च्या अंकांतून कधीच कळत नाही. मात्र त्यावरून ‘हा नंबर बेल्जियमचा’ असं म्हणू नका. संस्था बेल्जियममध्ये आहे, एवढंच सिद्ध झालं.

चौथी पायरी, बारीक अक्षरं वाचा. त्याच ठिकाणी सूचना असते की हा नंबर युरोपीय संघातून फुकट आहे, पण काही ऑपरेटर पैसे लावू शकतात. नंबर कुठून उघडा आहे हे त्यावरून कळतं. म्हणजे संघाबाहेरून, पुण्यातून समजा, तो लागला नाही तर नंबर खोटा ठरत नाही.

दुसरा माणूस, म्हणजे नोंदणी करणारा ऑपरेटर, हवाच असेल तर आयटीयूच्या दारात जावं लागतं. ते पुढे, प्रश्न १० मध्ये.

६. आईच्या विमान तिकिटावर ००० ८०० ने सुरू होणारा नंबर आहे. दुबईहून लागत नाही. एक शून्य जास्त छापलंय का?

छापलेलं बरोबर आहे, वापर चुकतोय. ००० ८०० आणि पुढे सात अंक ही भारतातली, परदेशी कंपन्यांना भारतातून फुकट फोन यावेत म्हणून असलेली नंबरमालिका आहे. भारतातल्या आंतरराष्ट्रीय कॉल नेणाऱ्या कंपन्या तो फोन बाहेर नेतात आणि परदेशातली कंपनी पैसे भरते. काम +८०० सारखंच, पण नंबर पूर्णपणे भारताच्या योजनेतला. भारताबाहेरून तो लागत नाही. +९१ लावून बघू नका, तसाही लागणार नाही.

घोटाळा असा होतो की ०० ८०० आणि ००० ८०० कागदावर जुळे भाऊ दिसतात. एकात दोन शून्यं आणि शेवटी आठ अंक, दुसऱ्यात तीन शून्यं आणि शेवटी सात. गंमत म्हणजे एकूण अंक दोन्हीकडे तेराच भरतात, त्यामुळे नुसती लांबी बघूनही फसायला होतं. सुरुवातीची शून्यं मोजा, दुसरा उपाय नाही.

आईला दुबईत असताना विमान कंपनीच्या साइटवर देश बदलून अमिरातीचा नंबर काढून द्या. तिकिटावर भारतातला छापलाय कारण तिकीट भारतातून काढलं.

७. नंबर +८०० ने सुरू होतो पण अंक अकरा भरत नाहीत. असं कसं?

तो यूआयएफएन नाही. कुणीतरी + चुकीच्या जागी लावला आहे. दहा अंक आले तर बहुतेक वेळा दोनपैकी एक भानगड असते.

पहिली: अमेरिकेचा ८०० नंबर, ज्याचं १ गळलं. ८०० आणि पुढे सात, एकूण दहा. त्याला +१ लावा आणि प्रश्न ९ वाचा.

दुसरी आपल्या घरची. भारतात ८०० ने सुरू होणारे मोबाइल नंबर आहेत. ८००७ वाले महाराष्ट्रात किती तरी जणांकडे आहेत. फोनबुकात किंवा एखाद्या फॉर्ममध्ये ९१ गळून नुसता + उरला की चांगला पुण्यातला मोबाइल ‘आंतरराष्ट्रीय टोल-फ्री’ दिसायला लागतो.

आणि याचा उलटा प्रकार मी स्वतः निस्तरला आहे. एका कंपनीने परदेशी भागीदारांच्या मदत-क्रमांकांची एक्सेल यादी पाठवली. त्यातला भारतासाठीचा ००० ८०० वाला नंबर एक्सेलने आकडा समजून सुरुवातीची तिन्ही शून्यं खाल्ली. उरलं काय? ८०० आणि सात अंक. दहा अंकी, अस्सल भारतीय मोबाइल दिसणारा नंबर. तो तसाच ग्राहकांना गेलेल्या मेलमध्ये छापला गेला, आणि तो मोबाइल नंबर खरोखरच एका गृहस्थांचा होता. दोन दिवस त्यांना लोक सॉफ्टवेअरचं लायसन्स का उघडत नाही ते विचारत होते. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या यादीचा नंबरांचा रकाना ‘टेक्स्ट’ असल्याशिवाय मी ती उघडतसुद्धा नाही.

८. +८०० वरून मिस्ड कॉल आला. परत फोन करू का?

नको. हे नंबर लोकांनी करायचे फोन घेण्यासाठी असतात, तिथून फोन येणं हे मुळात त्यांचं काम नाही. एखादं कॉल सेंटर बाहेर जाणाऱ्या फोनवर आपला टोल-फ्री नंबर दाखवतं, हे खरं आहे. पण स्क्रीनवर दिसणारा नंबर हा फोन करणाऱ्याच्या बाजूने भरलेला मजकूर असतो आणि परदेशातून येणाऱ्या फोनमध्ये तो हवा तसा भरता येतो. म्हणून मिस्ड कॉलमधला +८०० हा कुणाचाच पुरावा नाही. आधी अंक मोजा (प्रश्न ७), कित्येकदा तो + चा गोंधळच निघतो.

बँकेचा असेल असं वाटलं तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतःहून फोन करा. फसवणुकीचा वास आला तर sancharsaathi.gov.in वर ‘चक्षू’ मध्ये तक्रार टाका. पैसे गेले असतील तर चक्षू नव्हे, लगेच १९३०.

९. अमेरिकेचा १-८०० तरी अमेरिकेचाच ना?

तोही नाही, पण कारण वेगळं. +१ हा कोड अमेरिकेचा एकटीचा नसून अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश मिळून वीसेक जणांचा सामायिक आहे. ८००, ८८८, ८७७, ८६६, ८५५, ८४४ आणि ८३३ हे त्यातले टोल-फ्री कोड. नंबर फक्त अमेरिकेतून लागेल, फक्त कॅनडातून लागेल की दोन्हीकडून, हे ग्राहक ठरवतो. अंकांत त्याचा मागमूस नसतो.

पण मालक शोधायला मात्र हे नंबर +८०० पेक्षा सोपे आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेत टोल-फ्री नंबर ऑपरेटर बदलून नेता येऊ लागले, आणि त्यासाठी सगळ्या नंबरांची एक मध्यवर्ती नोंदवही लागली. आज ती सोमॉस नावाची संस्था सांभाळते. प्रत्येक नंबरामागे एक ‘रेस्प-ऑर्ग’ म्हणजे जबाबदार संस्था नोंदलेली असते: कधी मोठी टेलिफोन कंपनी, कधी नुसता नंबरांचा धंदा करणारी छोटी कंपनी. somos.com वर नंबर टाकून त्याचा रेस्प-ऑर्ग विचारता येतो. जे नाव येईल तो ग्राहक नसतो, नंबर सांभाळणारा असतो. तो ग्राहकाचं नाव सांगेलच असं नाही, पण छळाची किंवा फसवणुकीची तक्रार स्वीकारायला योग्य पत्ता तोच.

भारतातून +१ ८०० लावला तर एक तर लागत नाही किंवा आंतरराष्ट्रीय दराने पैसे लागतात. तिकडच्या कार्डामागे ‘परदेशातून’ म्हणून वेगळा नंबर असतो, तो वापरा.

१०. मग +८०० ची अशी नोंदवही आयटीयूकडे असेलच. ती बघता येते का?

वही आहे. आयटीयूचं दूरसंचार प्रमाणीकरण कार्यालय या नंबरांचं निबंधक आहे. अर्ज ऑपरेटरने करायचा, नंबर मोकळा असेल तर तो राखून ठेवला जातो, आणि १८० दिवसांच्या आत तो किमान दोन देशांत चालू झाला पाहिजे. नाही झाला तर नंबर परत जातो. दोन देशांची अट मार्मिक आहे: एकाच देशात चालवायचा असेल तर त्या देशाचा घरचा नंबर घ्या, जगाची वही कशाला भरता.

itu.int वर प्रमाणीकरण विभागात आंतरराष्ट्रीय क्रमांकांचं पान आहे, त्यात यूआयएफएनची माहिती आणि संपर्क मिळतो. मात्र निबंधकाचा व्यवहार ऑपरेटरांशी असतो. सामान्य माणसाने ‘हा नंबर कुणाचा’ विचारलं तर फार तर ऑपरेटरपर्यंत वाट दाखवली जाईल, त्यापुढे ग्राहकाचं नाव निघेल ही अपेक्षा ठेवू नका.

माझ्या अनुभवात याहून जवळचा रस्ता दुसरा आहे. प्रश्न ३ मधलं टेबल आठवा. ज्या फोनवरून तुम्ही नंबर लावला आणि लागला, त्या फोनच्या ऑपरेटरला तो फोन पुढे कुणाला दिला हे माहीत असलंच पाहिजे, नाहीतर फोन गेलाच नसता. ग्राहक सेवेतल्या मुलांना हे ठाऊक नसतं, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. तारीख, मिनिटासकट वेळ आणि पूर्ण अकरा अंक देऊन लेखी तक्रार करा, क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. तुम्हाला नाव सांगतील असं नाही, पण चुकीचं बिल किंवा न लागणारा नंबर असेल तर दुरुस्ती इथूनच होते. पोलिसांनाही माहिती याच वाटेने मिळते, एकेक ऑपरेटर मागे मागे जात.

११. जर्मनीत भारतीय सिमवर रोमिंगमध्ये +८०० लावला. ‘फुकट’ असूनही पैसे कापले. तक्रार करू?

करून बघा, पण बहुधा ते नियमात बसतं. फुकट याचा अर्थ फोन ज्या देशात सुरू झाला तिथल्या ऑपरेटरने कॉल करणाऱ्याला पैसे लावायचे नाहीत, ते समोरच्या कंपनीकडून घ्यायचे. रोमिंगमध्ये तुमच्या आणि त्या जर्मन नेटवर्कच्या मध्ये तुमची भारतीय कंपनी बसलेली असते, आणि रोमिंग प्लॅनमध्ये बाहेर जाणारा प्रत्येक फोन मिनिटावर मोजायची मुभा ती ठेवते.

यात आणखी एक मेख आहे. जुन्या पद्धतीच्या रोमिंगमध्ये फोन जर्मन स्विचवरून निघायचा, म्हणजे तो जर्मनीतून केलेला फोन. व्होल्टी रोमिंगच्या आताच्या प्रचलित पद्धतीत फोन आधी तुमच्या मायदेशच्या नेटवर्कवर येतो आणि तिथून निघतो. वाय-फाय कॉलिंगचंही तेच. मग तुम्ही म्युनिकमध्ये उभे असलात तरी नंबराच्या दृष्टीने तुम्ही भारतातून बोलताय. भारतातल्या टेबलात तो +८०० नंबर नसेल तर शेजारी उभ्या जर्मन मित्राचा फोन लागतो आणि तुमचा लागत नाही. अशा वेळी हॉटेलच्या लँडलाइनवरून लावून बघा, पण हॉटेल स्वतःचे पैसे लावतं का ते आधी विचारा.

१२. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये +८०० नंबराचा देश ‘००१’ येतो. बग आहे का?

नाही, तेच बरोबर उत्तर आहे. बहुतेक सगळे गूगलची नंबर ओळखणारी लायब्ररी वापरतात. तिच्यात देश नसलेल्या कोडसाठी `001` ठेवला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी कोडमध्ये ००१ म्हणजे ‘जग’. पायथनमध्ये असं दिसेल:

```
import phonenumbers as p
n = p.parse("+80012345678", None)
p.region_code_for_number(n)   # '001'
p.number_type(n) == p.PhoneNumberType.TOLL_FREE   # True
```

बग असतो तो पुढे. देशाच्या रकान्यात दोनच अक्षरं घेणारा डेटाबेस `001` नाकारतो, आणि मग कुणीतरी ‘सध्यापुरतं’ म्हणून तिथे `US` टाकून देतं. पुढची पाच वर्षं अहवालात हे सगळे फोन अमेरिकेचे दिसतात. रकाना रिकामा ठेवा किंवा `001` घेईल असा करा. आणि ही लायब्ररी फक्त रचना तपासते. नंबर खरंच कुणाला दिला आहे का, हे तिला माहीत नसतं.

१३. ट्रूकॉलरवर नाव येतं की. मग एवढी खटपट कशाला?

ते नाव लोकांनी आपापल्या फोनबुकात काय लिहिलं आणि कशाला काय लेबल लावलं, यावरून येतं. धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. ‘कॅरिअर लुकअप’ विकणाऱ्या साइटवरही पैसे घालवू नका. त्यातल्या बऱ्याच मोबाइल नेटवर्कच्या नोंदवहीला विचारतात, आणि +८०० नंबर त्या वहीत नसतोच, कारण त्याच्यामागे सिम नाही.

१४. +८०८ आणि +९७९ हेही फुकटच का?

नाही! +८०८ मध्ये खर्च दोघांत वाटला जातो. +९७९ तर उलट, त्यात कॉल करणाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडतात आणि त्यातला वाटा समोरच्याला जातो. देश यांनाही नाही. शोधायची रीत प्रश्न ५ सारखीच, फक्त +९७९ ला फोन करून बघायच्या भानगडीत पडू नका.

१५. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मशीनवर +८०० नंबर छापला आहे. लागतो, पण उचलणारे भलतेच आहेत. फसवणूक समजू?

लगेच समजू नका. ग्राहक कंपनीने नंबर सोडला की तो काही काळ बाजूला ठेवून पुन्हा दुसऱ्याला देता येतो. मशीन बनवणारी कंपनी विकली गेली असेल, नव्या मालकाने सगळे नंबर एक केले असतील, आणि जुना नंबर आज कुणा विमा कंपनीकडे असेल. दुसरी शक्यताही तपासा: दुसऱ्या देशातल्या ओळखीच्या माणसाला तोच नंबर लावायला सांगा. एका ऑपरेटरच्या टेबलात जुनी नोंद राहून गेली, असं होतं. तिथून फोन बरोबर जागी गेला आणि तुमच्याकडून भलतीकडे, तर चूक तुमच्या ऑपरेटरच्या टेबलात आहे. तक्रार कशी लिहायची ते प्रश्न १० मध्ये आहे. तक्रारीत ‘अमुक देशातून बरोबर लागतो’ हे वाक्य पहिलं लिहा, म्हणजे ती तक्रार रूटिंग बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर पोचायला मदत होते.